चौकटींमधल्या बाणांची जबाबदारी

प्रशिक्षणाचे प्रेझेंटेशन आणि प्रमाणित कार्यपद्धती, म्हणजे रोजच्या बोलण्यातली एसओपी, ही दोन्ही एकाच प्रक्रियेविषयी बोलतात. त्यामुळे एकीतून दुसरी काढणे हे फार तर टंकलेखनाचे काम आहे, असा समज सर्रास आढळतो. "स्लाइड तयारच आहेत, तेवढ्या वर्डमध्ये घ्या," असे सांगून हे काम कुणाकडे तरी सोपवले जाते आणि आठवड्याभरात पूर्ण होईल अशी अपेक्षा धरली जाते. वस्तुतः प्रेझेंटेशनच्या शेजारी एक माणूस उभा असतो, हा या दोहोंमधला मोठा फरक आहे. स्लाइडवर चारच शब्द असले तरी उरलेले तो बोलतो, शंका आली तर निरसन करतो, आणि एखादी गोष्ट स्लाइडवर नसली तरी ती सांगितली गेली असे सर्वांना वाटत राहते. एसओपी वाचणारा मात्र एकटा असतो, बहुधा घाईत असतो, आणि काहीतरी अडले म्हणूनच त्याने ती उघडलेली असते. म्हणून स्लाइडवर नसलेले, पण प्रशिक्षकाच्या तोंडी असलेले, आणि पुष्कळदा त्याच्याही तोंडी नसलेले असे सारे शोधून काढणे, हे या रूपांतरातले खरे काम होय.

हे सर्वसाधारणपणे सांगून फारसे हाती लागत नाही, म्हणून एकच प्रक्रिया घेऊ. पुरवठादाराने आपला बँक खाते क्रमांक बदलल्याचे कळवले, तर देयक विभागाने काय करायचे, ही ती प्रक्रिया. वरवर पाहता ती क्षुल्लक आहे, कारण नोंदीतला एक क्रमांक तेवढा बदलायचा असतो. पण ठगांनाही नेमकी हीच फट ठाऊक असते. पुरवठादाराच्या नावाने, त्याच्याच बोधचिन्हाच्या पत्रावर, "आमचे खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यात जमा करावी" अशी मेल येते. कधी मेलच्या पत्त्यात एकाच अक्षराचा फरक असतो, तर कधी पुरवठादाराची खरी मेलपेटीच कुणीतरी ताब्यात घेतलेली असते आणि जुन्याच पत्रव्यवहाराच्या साखळीत हे उत्तर येते, त्यामुळे संशय घ्यायलाही जागा उरत नाही. रक्कम जाते, आणि खरा पुरवठादार थकबाकीची आठवण करून देतो तेव्हा प्रकार उघडकीस येतो. तोवर ती रक्कम बहुधा त्या खात्यातून पुढे गेलेली असते.

या विषयावरची प्रशिक्षणाची स्लाइड मी अनेक रूपांत पाहिली आहे आणि तिचा साचा जवळजवळ ठरलेला असतो. आधी फसवणुकीच्या एक-दोन हकिकती येतात, मग "काय करावे, काय टाळावे" हा तक्ता, मग संगणक प्रणालीच्या पडद्याची चित्रे, शेवटी छोटी प्रश्नमंजूषा, आणि या सगळ्याच्या मध्यभागी पाच चौकटी व त्यांना जोडणारे चार बाण: विनंती प्राप्त, पडताळणी, नोंदीत बदल, मंजुरी, पुरवठादारास कळवणे. चित्र सुबक असते. ते पाहून प्रक्रिया समजली असे वाटते, आणि शिकवण्यासाठी तेवढे वाटणे पुरेसेही असते. उद्या सकाळी प्रत्यक्ष मेल आली की मात्र त्या चित्राकडे पाहून कुणालाही काही करता येत नाही, कारण एकाही चौकटीत कर्ता नाही. "पडताळणी केली जाते" या वाक्यात पडताळणी आहे. ती करणारा मात्र कुठेच नाही.

अशा वेळी मी स्लाइडच्या क्रमाने लिहायला बसत नाही. आधी सगळ्या स्लाइडवरील वाक्ये सुटी करून त्यांची वर्गवारी करतो. काही वाक्यांत कृती असते, काहींत नियम किंवा निर्णयाची अट असते, काहींत कारण असते, आणि उरलेली उदाहरणे किंवा सजावट असते. कृती आणि नियम एसओपीत जातात. कारणांपैकी जे माहीत नसेल तर माणूस पायरी वगळण्याचा संभव आहे, तेवढेच एका ओळीत जाते. फसवणुकीच्या हकिकती प्रशिक्षणातच राहतात, त्यांची जागा तीच आहे. ही वर्गवारी करताना स्लाइडखालची वक्त्यासाठीची टिपणे अजिबात सोडू नयेत. कित्येकदा प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा नियम स्लाइडवर नसतो, तर तिथे बारीक अक्षरांत पडून असतो. या प्रक्रियेत तो असा असतो: "मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करू नका, हे आवर्जून सांगा." स्लाइडवर मात्र "फोनवरून खात्री करा" एवढेच असते. ज्याने प्रशिक्षण चुकवले आणि नंतर फाइल तेवढी उघडली, तो प्रामाणिकपणे फोन करतो, ठगाशीच बोलतो, आणि खात्री झाली म्हणून खूण करतो.

आता "पडताळणी" ही एकच चौकट उलगडून पाहू. फोन कुणाला करायचा? पुरवठादाराच्या नोंदीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर, विनंतीतल्या नव्हे. पण नोंदीतला क्रमांक जुना झाला असेल, लागतच नसेल, तर? हा प्रश्न स्लाइडने कधी विचारलेला नसतो, आणि प्रत्यक्षात तो वारंवार येतो. उत्तर असे लिहावे लागते की क्रमांक करारातून, जुन्या खरेदी आदेशातून किंवा विनंतीशी संबंध नसलेल्या अन्य स्वतंत्र स्रोतातून घ्यावा, आणि तोही न मिळाल्यास विनंती स्थगित ठेवून वित्त नियंत्रकाकडे पाठवावी. मग फोनवर काय विचारायचे? "तुम्ही खाते बदलले का?" असे विचारून "हो" ऐकणे पुरेसे नाही; नव्या खात्याचे शेवटचे चार अंक समोरच्याकडून वदवून घ्यायचे, ते आपण वाचून दाखवायचे नाहीत. बोलणारी व्यक्ती कोण, तिचे पद काय, क्रमांक कुठून घेतला, किती वाजता बोलणे झाले, हे सारे बदलाच्या अर्जावर लिहायचे. "पडताळणी" या एका शब्दाच्या पोटात अशा सहा-सात कृती दडलेल्या असतात, आणि त्यांतली कोणतीही एक गळली तरी उरलेल्यांना अर्थ राहत नाही.

याच चौकटीत काही जण एक छोटी चाचणी रक्कम पाठवण्याची पायरी घालतात आणि तिच्यावर फार विसंबतात. नव्या खात्यात नाममात्र रक्कम जमा झाली, म्हणजे खाते बरोबर आहे, असा तो तर्क असतो. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की त्या क्रमांकाचे खाते अस्तित्वात आहे आणि ते रक्कम स्वीकारते. ते कुणाचे आहे, हे त्यातून कळत नाही. ठगाच्या खात्यातही चाचणीची रक्कम तितक्याच सहजपणे जमा होते. ही पायरी ठेवायचीच असेल, तर "रक्कम किती आली?" हे विचारायचे तेही जुन्याच, स्वतंत्रपणे मिळवलेल्या क्रमांकावर, असे एसओपीत स्पष्ट लिहावे लागते. माझे मत विचाराल तर ही पायरी नको, कारण तिच्यामुळे आधीची पायरी सैल पडते. फोन लागला नाही तरी चाचणी झाली आहे ना, अशी पळवाट माणसे तत्काळ शोधतात.

चौकटींपेक्षा अवघड असतात ते बाण. चौकटीत निदान काहीतरी करायचे आहे हे दिसते. बाणावर काहीच लिहिलेले नसते, आणि जबाबदारी हरवते ती नेमकी तिथे. "विनंती प्राप्त" आणि "पडताळणी" यांमधल्या बाणाचेच पाहा. विनंती येते कुणाकडे? पुरवठादाराची ओळख खरेदी विभागातल्या अधिकाऱ्याशी असते, म्हणून बहुतेक वेळा मेल त्याच्याकडे येते, आणि तो ती देयक विभागाकडे "कृपया बदल करावा" असे लिहून पुढे पाठवतो. आता देयक विभागातल्या कर्मचाऱ्यासमोर आपल्याच सहकाऱ्याची मेल आहे. त्याला वाटते, खरेदीवाल्यांनी पाहिलेच असेल. खरेदीवाल्याला वाटते, पडताळणी हे देयकवाल्यांचे काम. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि पडताळणी होतच नाही. म्हणून या बाणाच्या जागी एसओपीत एक आख्खी पायरी यावी लागते: खरेदी अधिकारी विनंती आली त्याच कामाच्या दिवशी मूळ मेलसह ती पुरवठादार-नोंद कर्मचाऱ्याकडे पाठवतो, तिच्यावर कोणतेही मत देत नाही, आणि पाठवणे म्हणजे पडताळणी नव्हे.

दुसऱ्या एका बाणाकडे तर कुणाचेच लक्ष जात नाही. विनंती आली आहे, पडताळणी चालू आहे, आणि दरम्यान त्याच पुरवठादाराचे बिल देय झाले. रक्कम कुठे पाठवायची? नव्या खात्यात पाठवण्याचा प्रश्नच नाही. जुन्या खात्यात पाठवावी, तर विनंती खरी असल्यास ते खाते बंद झालेले असू शकते आणि रक्कम परत येते. विनंती खोटी असल्यास मात्र जुन्या खात्यात पाठवणे हेच बरोबर ठरते. कुठले ते आपल्याला अजून ठाऊक नसते, म्हणूनच तर पडताळणी चालू असते. अशा वेळी पडताळणीचा निकाल लागेपर्यंत त्या पुरवठादाराची सर्व देयके रोखून धरणे हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग. पण "देयके रोखावीत" एवढे लिहून भागत नाही. प्रणालीत रोखखूण कोण लावणार, विनंती आल्यापासून किती वेळात लावणार, ती कोण काढणार, आणि उशीर झाल्यास पुरवठादाराला कोण कळवणार, हे चारही प्रश्न उत्तर मागतात. आणि रोखखूण लावण्याला मुदत नसेल, तर आठवड्याच्या ठरावीक दिवशी निघणाऱ्या देयकांच्या यादीत तो पुरवठादार हटकून सापडतो.

इथवर आले की जबाबदाऱ्यांचा तक्ता मांडायची वेळ होते. बहुतेक ठिकाणी त्यासाठी रॅसी तक्ता वापरतात: प्रत्येक पायरीसाठी काम करणारा कोण, त्या कामाबद्दल उत्तरदायी कोण, कुणाचा सल्ला घ्यायचा आणि कुणाला कळवायचे. हा तक्ता भरणे सोपे असते, चांगला भरणे अवघड. मी त्यात पहिल्यांदा उत्तरदायी व्यक्तीचा रकाना उभा वाचतो. एका पायरीला दोन उत्तरदायी दिसले, तर ती पायरी अजून कुणाचीच झालेली नाही, असे खुशाल समजावे. नंतर विभागांची नावे शोधतो. "वित्त विभाग" फोन उचलत नाही, सही करत नाही. ते एखाद्या पदावरचा माणूस करतो. म्हणून तक्त्यात पदे यावीत. विभागाचे नाव नको आणि व्यक्तीचेही नको, कारण ती व्यक्ती बदलून गेली की दस्तऐवज शिळा होतो.

मग येतो कामांच्या विभागणीचा प्रश्न. नोंदीत बदल करणारा आणि तो मंजूर करणारा हे दोघे वेगळे असले पाहिजेत, ज्याला मेकर-चेकर म्हणतात, हे स्लाइडवरही असते. स्लाइडवर नसते ते असे की मंजूर करणाऱ्याने नेमके पाहायचे काय. बहुतेक ठिकाणी तो अर्जावरचा क्रमांक आणि प्रणालीतला क्रमांक जुळवतो आणि मान्यता देतो. पण ठगाने दिलेला क्रमांक अर्जावर आणि प्रणालीत अगदी बिनचूक जुळणारच. म्हणून मंजूर करणाऱ्याची पायरी अशी लिहावी लागते की फोनसाठी वापरलेल्या क्रमांकाचा स्रोत त्याने स्वतः उघडून पाहावा आणि तो विनंतीतल्या क्रमांकाहून स्वतंत्र असल्याची खात्री करावी. शिवाय त्याच्या गैरहजेरीत कोण? हे लिहिले नाही, तर रजेच्या दिवशी संकेतशब्द एकमेकांना सांगितले जातात, आणि मेकर-चेकर ही व्यवस्था कागदावर शाबूत राहून प्रत्यक्षात एकाच खुर्चीत येऊन बसते. अगदी लहान कार्यालयात तीनच माणसे असतात. तिथे बदल मंजूर करणारा आणि बँकेत रक्कम सोडणारा एकच असू शकतो, पण नोंद करणारा या दोन्हींतून बाहेरच राहिला पाहिजे.

हे सारे ठरल्यावर प्रत्यक्ष लेखन त्या मानाने लवकर होते. स्लाइडवरचे "फोनवरून खात्री करा" हे वाक्य एसओपीत साधारण असे उतरते:

"४.३ पुरवठादार-नोंद कर्मचारी विनंती मिळाल्यापासून एका कामाच्या दिवसात पुरवठादाराच्या विद्यमान नोंदीतील क्रमांकावर फोन करतो. विनंतीत किंवा तिच्या सोबतच्या पत्रात दिलेला क्रमांक वापरू नये. तो नव्या खात्याचे शेवटचे चार अंक समोरील व्यक्तीकडून ऐकून घेतो आणि अर्जाच्या ब भागात क्रमांक, त्याचा स्रोत, व्यक्तीचे नाव, पद व वेळ नोंदवतो. अंक न जुळल्यास किंवा बदल नाकारला गेल्यास पायरी ६.१ पाहावी. फोन दोन प्रयत्नांत न लागल्यास पायरी ४.४ पाहावी."

यात कर्ता पहिल्या वाक्यात आहे, मुदत आहे, करायची कृती आहे, राहणारी नोंद आहे, आणि गाडी रुळावरून घसरली तर कुठे जायचे तेही आहे. "लगेच", "आवश्यकतेनुसार", "योग्य त्या अधिकाऱ्याकडून" यांसारखे शब्द मसुद्यात शोधून काढावेत. त्यांतल्या प्रत्येकामागे न घेतलेला एक निर्णय लपलेला असतो, आणि तो लेखकाने स्वतःच्या मनाने घ्यायचा नसतो, तर ज्याच्या अखत्यारीत तो येतो त्याच्याकडून घ्यायचा असतो. मुदत एक दिवस की दोन, हे मी ठरवू शकत नाही. पण ती विचारून घेतल्याशिवाय मी पुढची ओळ लिहीत नाही.

किती बारकाईने लिहावे, याला मात्र एकच माप नाही. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत सहा कार्यपद्धती लेखी असणे सक्तीचे होते. २०१५ च्या आवृत्तीने ती यादी काढून टाकली आणि किती व काय लिहून ठेवायचे हे बहुतांशी संस्थेवर सोपवले. त्यामुळे "मानकात आहे म्हणून" असे म्हणून पाने वाढवण्याची सोय राहिली नाही. मी एवढेच पाहतो की पायरी चुकल्यास नुकसान किती आणि चूक नंतर पकडली जाण्याची शक्यता किती. फोनची पायरी चुकली तर रक्कम गेली, म्हणून ती अंकांपर्यंत लिहायची. प्रणालीत कोणती कळ दाबायची, हे मात्र पडद्याच्या चित्रांसह वेगळ्या परिशिष्टात टाकावे, कारण प्रणालीची नवी आवृत्ती आली की चित्रे बदलतात आणि तेवढ्यासाठी आख्ख्या एसओपीला नव्याने मंजुरी घ्यावी लागू नये.

मसुदा तयार झाला की प्रशिक्षकाला दाखवण्याचा मोह होतो. त्याला दाखवावाच, पण त्याचे मत ही परीक्षा नव्हे. प्रक्रिया त्याला तोंडपाठ असल्याने दस्तऐवजातल्या रिकाम्या जागा तो नकळत स्वतःच भरतो. परीक्षा घ्यायची ती प्रशिक्षणाला कधीच न बसलेल्या कर्मचाऱ्यावर: त्याच्या हाती मसुदा आणि एक बनावट विनंती द्यायची, आणि शेजारी बसून तोंड बंद ठेवायचे. तो जिथे थांबतो, मान वर करतो, "मग इथे कुणाला विचारायचे?" असे विचारतो, तिथे समासात खूण करायची, उत्तर द्यायचे नाही. एका चाचणीत कर्मचारी पायरी ४.३ बिनचूक पार पाडून ४.४ वर अडला होता. "करारातून क्रमांक घ्यावा" असे तिथे लिहिले होते, पण करार खरेदी विभागाच्या फोल्डरमध्ये होते आणि देयक विभागाला ते उघडण्याची परवानगीच नव्हती. मसुदा वाचून ही गोष्ट कुणाच्याही ध्यानात आली नसती. शेवटी एसओपीत शब्द बदलायच्या ऐवजी त्या पदाला फोल्डर वाचण्याची परवानगी द्यावी लागली.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांशी बोलताना असेही आढळते की स्लाइड एक सांगते आणि लोक दुसरेच करतात. अशा वेळी लोकांना चुकीचे ठरवून स्लाइडप्रमाणे लिहिणे सोपे असते. पण ते पायरी का टाळतात ते आधी विचारावे. नोंदीतले क्रमांक इतके जुने असतात की फोन करण्यात अर्धा दिवस जातो, म्हणून ते विनंतीतलाच क्रमांक वापरतात, असे कारण निघाले, तर दोष पायरीत नाही, नोंदींत आहे. मग पुरवठादारांचे संपर्क वर्षातून एकदा तपासण्याचे काम कुणाचे, ही आणखी एक ओळ जबाबदाऱ्यांच्या तक्त्यात येते. ती ओळ पाच चौकटींच्या चित्रात कुठेच नव्हती, आणि तिच्यावाचून ४.३ ही पायरी फार काळ पाळली जात नाही.

एसओपी मंजूर झाल्यावर प्रेझेंटेशनचे काय करायचे, हेही त्याच बैठकीत ठरवून टाकावे. दोन्हींत नियम राहिले, तर काही महिन्यांत ते एकमेकांशी विसंगत होतात आणि ज्याला जे सोयीचे ते तो दाखवतो. म्हणून मुदती, रकमांच्या मर्यादा, मंजुरीची पदे हे सारे स्लाइडवरून काढून तिथे फक्त पायरीचा क्रमांक ठेवावा. बदल आधी एसओपीत व्हावा, आवृत्तीचा क्रमांक वाढावा, आणि मग प्रशिक्षकाने स्लाइड तपासावी. हे तपासण्याची जबाबदारी एसओपीच्या मालकपदाकडे ठेवली, तर ती निभावते. प्रशिक्षण विभागाकडे सोडली, तर बदल झाल्याचे त्यांना कळतच नाही. फसवणुकीच्या हकिकती मात्र स्लाइडवर खुशाल वाढवाव्यात, कारण ४.३ वाचून कळते ते काय करायचे, आणि ते न केल्यास काय होते हे हकिकतीतूनच मनावर ठसते.

एक मर्यादा दस्तऐवजातच नमूद केलेली बरी. नोंद करणारा आणि मंजूर करणारा यांनी संगनमत केले, तर यातली कोणतीही पायरी उपयोगाची नाही. त्यासाठी दर महिन्याला झालेल्या खातेबदलांपैकी काही अर्ज उचलून, त्यावरच्या क्रमांकाचा स्रोत नव्याने तपासण्याचे काम या साखळीत नसलेल्या तिसऱ्या पदाकडे द्यावे लागते, बहुधा अंतर्गत लेखापरीक्षकाकडे. तपासायचे अर्ज त्याने स्वतः निवडायचे, देयक विभागाने काढून द्यायचे नाहीत, एवढी एक अट त्या पायरीत घालावी.